हापूसची जाहिरात साठ हजार वेळा दिसली, मग पेट्या बाराच कशा?

देवगडकडचा एखादा आंबा बागायतदार डोळ्यांसमोर आणा. वाशीला पेट्या पाठवायच्या आणि दलालाची पट्टी येईपर्यंत भाव काय लागला याचा अंदाज बांधत बसायचं, याला तो कंटाळलाय. यंदा थोडा माल थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला विकून बघू म्हणून त्याने मार्चअखेरीस फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात लावली. दहा दिवस, रोजचे सहाशे रुपये. दहा दिवसांनी मोबाइलवर अहवाल उघडला तर आकड्यांची रांग: खर्च ६,००० रुपये, Impressions ६०,०००, Reach २४,०००, Frequency २.५ आणि CPM १०० रुपये. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा आल्या ४८ आणि पेट्या गेल्या १२.

हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, हिशोबाला सोपे पडावेत म्हणून. पण त्यानंतरचा प्रश्न दर मोसमात कानावर येतो, आणि तो मालवणीतच येतो: "साठ हजार माणसांनी बघल्यानी, मगे गिरायकां बाराच कशी?"

पहिली गोष्ट म्हणजे साठ हजार माणसांनी बघितलेलंच नाही. जाहिरात साठ हजार वेळा कुणाच्या तरी स्क्रीनवर आली, एवढंच इम्प्रेशनचा आकडा सांगतो. ठाण्यातली एक बाई सकाळी लोकलमध्ये इन्स्टाग्राम चाळत होती, तुमची पेटी तिच्यासमोरून गेली: एक इम्प्रेशन. ती जरा पुढे गेली आणि परत वर येऊन तीच पोस्ट तिला पुन्हा दिसली, तर फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या मोजणीत इम्प्रेशन एकच राहतं. पण संध्याकाळी तिने पुन्हा अ‍ॅप उघडलं आणि तुमची जाहिरात नव्याने समोर आली, की झाली दोन. तिने वाचलं का, थांबली का, आंबा तिला आवडतो का, याच्याशी इम्प्रेशनला काही देणंघेणं नाही. अंगठा वेगात फिरत असला तरी मोजणी होते.

किती वेळ आणि किती भाग दिसला म्हणजे 'दिसली' म्हणायचं, हेही सगळीकडे एकसारखं नसतं. संकेतस्थळांवरच्या चित्र-जाहिरातींसाठी जाहिरात-व्यवसायात एक मान्य निकष आहे: जाहिरातीचा निदान अर्धा भाग निदान एक सेकंद स्क्रीनवर असावा, व्हिडिओ असेल तर दोन सेकंद. मेटाचं साधं इम्प्रेशन जाहिरात स्क्रीनवर आली की मोजलं जातं, एवढा वेळ थांबत नाही. म्हणून फेसबुकवरचा हजारी दर, म्हणजे हजार वेळा दिसण्याचा खर्च, आणि एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळावरचा हजारी दर शेजारी शेजारी ठेवून 'हे स्वस्त, ते महाग' असं ठरवण्याआधी दोघे काय मोजतात ते विचारावं.

माणसांचा आकडा हवा असेल तर तो रीचमध्ये. रीच २४,००० म्हणजे साधारण चोवीस हजार वेगवेगळ्या लोकांना जाहिरात निदान एकदा दिसली. 'साधारण' मुद्दाम म्हणतोय, कारण रीच हा अंदाजाने काढलेला आकडा आहे आणि तो खात्यांवरून काढतात. नवरा-बायको दोघांच्या फोनवर जाहिरात आली तर रीच दोन, पण घरात पेटी येणार एकच. उलट संध्याकाळी एकाच फोनभोवती आजी, सून आणि नातू बसून रील बघत असतील तर माणसं तीन आणि रीच एक. या दोन्ही चुका एकमेकींना थोड्याफार खातात. आपल्याला शिरगणती करायची नाही, त्यामुळे एवढ्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. अहवाल दिवसवार उघडला की रोजचा रीच दिसतो, समजा पाच हजारांच्या आसपास. मग माणूस दहा दिवसांची बेरीज करतो, पन्नास हजार येतात, आणि वरती एकूण रीच मात्र चोवीस हजारच दिसतो. लगेच 'हे फसवतायत' असा निष्कर्ष. फसवणूक काही नाही. सोमवारी जाहिरात बघितलेली ठाण्याची बाई गुरुवारीही बघते. सोमवारच्या रीचमध्ये ती एक, गुरुवारच्या रीचमध्येही ती एक, पण दहा दिवसांच्या रीचमध्येही ती एकच. इम्प्रेशनची बेरीज करता येते, रीचची येत नाही. एजन्सीला पैसे देऊन काम करून घेत असाल आणि तिने महिन्याच्या अहवालात चार आठवड्यांचा रीच जोडून दाखवला असेल, तर तिथेच विचारा.

साठ हजाराला चोवीस हजाराने भागलं की अडीच येतात. तीच फ्रीक्वेन्सी: सरासरी एका माणसाला जाहिरात अडीचदा दिसली. सरासरीत काय लपतं तेवढं बघायचं. बऱ्याच जणांना ती एकदाच दिसलेली असते आणि दिवसभर इन्स्टाग्रामवर पडून असलेल्या काही जणांना आठ-दहा वेळा. नव्या माणसाकडून आंबा मागवायचा म्हणजे विश्वासाचा प्रश्न असतो, तेव्हा दोन-तीनदा दिसणं उपयोगीच. पण हाच आकडा आठवड्याभरात चार-पाचच्या पुढे सरकू लागला आणि विचारणा मात्र रोज कमी होत गेल्या, तर त्या गर्दीत घेणारे होते ते घेऊन झाले असं समजावं. आता त्याच लोकांना तीच पेटी दाखवायचे पैसे जातायत.

आता सीपीएम, म्हणजे हजार इम्प्रेशनमागे पडलेला खर्च.

```
CPM = खर्च ÷ इम्प्रेशन × १०००
६००० ÷ ६०००० × १००० = १०० रुपये
```

वर अठरा टक्के जीएसटी आहे, म्हणजे खिशातून ७,०८० रुपये गेले. नफातोट्याच्या वहीत हाच आकडा लिहायचा. जाहिरातींची आपापसात तुलना करताना मात्र कराशिवायचा आकडा चालतो. पुढे सगळीकडे मी तोच धरलाय.

वर्तमानपत्रात जाहिरात दिली असेल त्याला इथे एक जागा हमखास अडते. तिथे दरपत्रक असतं: अमुक पान, अमुक चौरस सेंटिमीटर, एवढे पैसे. म्हणून पहिली अपेक्षा अशी की फेसबुकचाही काहीतरी ठरलेला दर असणार, आणि मग दुसरा प्रश्न येतो: "बाजूच्या वाडीतल्याक पन्नासात मिळता, माका शंभरात कित्याक?" दरपत्रक इथे नाहीच. जाहिरात लागण्याआधी कुणी शंभर रुपये ठरवलेले नव्हते. खर्च झाला, इम्प्रेशन मोजली, भागाकार केला, तेव्हा शंभर निघाले. साठ हजार इम्प्रेशनसाठी साठ हजार छोटे लिलाव झाले. कुठे पाच पैशांत जागा मिळाली असेल, कुठे पंचवीस पैशांत. त्यांची सरासरी एका इम्प्रेशनला दहा पैसे, म्हणजे हजाराला शंभर रुपये.

लिलाव म्हटल्यावर मालवणच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव आठवेल, आणि अर्ध्या वाटेपर्यंत तो दाखला बरोबर बसतो. सुरमईचा वाटा तोच, वजन तेच. पण समोर दोन घेणारे असले तर एक भाव, आणि हॉटेलवाले, गोव्याचे व्यापारी, घाऊकवाले असे दहा जण उभे राहिले तर वेगळाच. तिथे सुरमई विकली जाते, इथे ठाण्याच्या बाईच्या स्क्रीनवरची पुढची जागा. अर्ध्या वाटेनंतर मात्र दाखला सुटतो, कारण इथे नुसता जास्त पैसा बोलणारा जिंकत नाही. तुमच्या बोलीबरोबर मेटा आणखी दोन गोष्टी धरतं: ही बाई तुम्हाला हवी ती कृती, म्हणजे मेसेज किंवा खरेदी, करील याची शक्यता किती, आणि जाहिरात लोकांना बरी वाटतेय की ते ती लपवतायत. पहिलीचा बोलीशी गुणाकार होतो, दुसरी त्यात मिळवली जाते. त्यामुळे एका वाडीतल्या दोन बागायतदारांनी एकाच दिवशी, एकाच शहरात, तेवढेच पैसे लावले तरी दर वेगळा पडू शकतो. एकाने आढीतला पिवळा पडलेला आंबा कापून दाखवला, डझनाचा भाव आणि कुरिअर कुठपर्यंत जातं ते स्पष्ट लिहिलं. दुसऱ्याने भडक रंगात 'अस्सल! अस्सल! अस्सल!' असं पोस्टर टाकलं. लोक पहिल्यावर थांबतात, तर यंत्रणा त्याला तीच जागा थोड्या पैशात देते.

लिलावात समोर कोण उभं असतं, या प्रश्नावर बहुतेकांचा अंदाज चुकतो. आपल्याला वाटतं आपली चुरस रत्नागिरीवाल्याशी, फार तर कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून विकणाऱ्याशी. पण ठाण्याच्या त्या बाईचं वय पस्तीस-चाळीस, नोकरी पक्की, मोबाइल बऱ्यापैकी महागाचा, ऑनलाइन पैसे द्यायची सवय. तिच्या स्क्रीनवरची तीच जागा घोडबंदर रोडवरच्या बिल्डरला हवी आहे, बँकेला क्रेडिट कार्डसाठी हवी आहे, विमा कंपनीला, गाडीच्या शोरूमला, मुलांच्या शिकवणीवाल्यांना आणि किराणा घरी पोचवणाऱ्या अ‍ॅपलाही हवी आहे. बिल्डरचा एक फ्लॅट विकला गेला तर त्याला लाखांत सुटतात. फ्लॅट बघायला येईन म्हणणाऱ्या एका माणसाच्या नुसत्या नंबरसाठी तो जे मोजेल, त्यात तुमची पेटी येईल. आंब्याच्या जाहिरातीचा दर आंबेवाले ठरवत नाहीत. त्या गिऱ्हाइकामागे लागलेले सगळे मिळून ठरवतात.

आता हेच बघा. तीच जाहिरात, तोच आंबा, पण प्रेक्षक तीन तऱ्हांचे.

पहिल्यांदा अख्खा महाराष्ट्र निवडला, वय अठरा ते पासष्ट. एवढ्या मोठ्या गर्दीत अशी पुष्कळ माणसं असतात ज्यांच्यामागे बिल्डर नाही की बँक नाही, तिथे जागा स्वस्त मिळते. समजा दर पन्नास रुपये पडला. सहा हजारांत एक लाख वीस हजार इम्प्रेशन. आकडा बघून माणूस खूश. विचारणा साठ आल्या, पण त्यातल्या पुष्कळ अशा गावांतून जिथे तुमचं कुरिअर दोन दिवसांत पोचत नाही, काही नुसतंच 'रेट?' असं विचारून गायब झालेल्या. पेट्या सहा. म्हणजे एका पेटीमागे हजार रुपये जाहिरातीचे.

दुसरी मुंबई-पुण्याची, आपली मूळची. दर शंभर, इम्प्रेशन निम्मी, विचारणा ४८, पेट्या बारा. पेटीमागे पाचशे.

तिसरी वेगळीच. गेल्या वर्षी ज्यांनी आंबा नेला त्यांच्या फोन नंबरांची यादी, आणि वर्षभरात ज्यांनी तुमच्या इन्स्टाग्राम खात्यावर काहीतरी केलं, मेसेज पाठवला, पोस्ट साठवून ठेवली, असे लोक. मेटा असे लोक वेगळे निवडू देतं. हा गट छोटा असतो आणि छोट्या गटात स्वस्त जागा निवडून घ्यायला वाव नसतो: तीच माणसं हवी असतील तर त्यांच्यामागे जे लागलेत त्यांच्याशी तिथेच चुरस करायची. समजा दर दोनशे पडला. इथे सहा हजार घालायचेही नाहीत, तेवढ्या पैशाला माणसंच नाहीत. दोन हजार घातले. इम्प्रेशन फक्त दहा हजार, पण पेट्या दहा. पेटीमागे दोनशे.

सगळ्यांत महाग हजारी दराला सगळ्यांत स्वस्त गिऱ्हाईक मिळालं. नेहमी असंच होईल असं नाही, पण होतं पुष्कळदा. म्हणून 'माझा सीपीएम जास्त आहे का?' या प्रश्नाला एकट्याने उत्तर नसतं. तो कुणाला दाखवण्याचा दर आहे आणि त्यातले किती जण पुढे आले, हे दोन्ही लागतं.

दर अचानक फारच खाली दिसला तर मी तरी आधी संशय घेतो. अहवालात प्लेसमेंटनुसार विभागणी उघडता येते, म्हणजे जाहिरात नक्की कुठे कुठे दिसली ते कळतं: फेसबुकची फीड, इन्स्टाग्रामची रील, स्टोरी, आणि इतरांच्या अ‍ॅपमध्ये, गेममध्ये जाहिराती दाखवणारं Audience Network. कधी कधी असं दिसतं की निम्म्याहून जास्त इम्प्रेशन या शेवटच्या ठिकाणी गेलीत, मुलं गेम खेळताना पुढची पातळी उघडण्यासाठी ज्या जाहिराती संपायची वाट बघतात तिथे. दर छान, पेट्या शून्य. जाहिरातीचा उद्देश निवडतानाही हेच होतं. 'जास्तीत जास्त लोकांना दाखवा' असा उद्देश निवडला तर यंत्रणा स्वस्तात दिसणारी माणसं गोळा करते. 'मेसेज आणा' किंवा 'विक्री आणा' निवडलं तर मेसेज करणारी, विकत घेणारी माणसं शोधते. ती माणसं सगळ्यांनाच हवी असल्याने दर चढतो. चढलेला दर इथे यंत्रणा काम करतेय याची खूण असू शकते.

आखातातल्या लोकांचा प्रश्नही दरवर्षी येतो, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतलं कुणीतरी दुबईला नाहीतर मस्कतला आहे. तिकडच्या मुलाने मुंबईतल्या आईकडे पेटी पाठवायची, ही कल्पना चांगलीच आहे. पण तिथल्या प्रेक्षकाचा हजारी दर भारतापेक्षा बराच वर असतो, कारण तिथे बोली लावणारे तिथल्या कमाईच्या हिशोबाने लावतात. म्हणून हा गट वेगळा ठेवावा, त्याला वेगळा पैसा द्यावा. मुंबई, पुणे आणि दुबई एकाच खोक्यात टाकली तर बहुतेक पैसा स्वस्त बाजूला वाहून जातो आणि दुबईत जाहिरात नीट चाललीच नाही हे कळतसुद्धा नाही.

हे झालं माणसांचं. आता मोसम, आणि इथे हापूसवाल्याचं नशीब जरा वाकडं आहे.

बाजारात बोली लावणारे वर्षभर सारखे नसतात. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाचे सेल लागतात, मग गणपती, दसरा, दिवाळी. मोठ्या ऑनलाइन दुकानांचे महासेल साधारण याच काळात येतात, सोन्याची दुकानं, मोबाइल, गाड्या, कपडे सगळे एकदम उतरतात. स्क्रीनवरच्या जागा थोड्याच वाढतात, घेणारे मात्र दुपटीने. दर चढतो. दिवाळी उलटली की घेणाऱ्यांची गर्दी ओसरते, नाताळच्या आगेमागे सहलवाल्यांची थोडी लगबग होते आणि जानेवारी-फेब्रुवारी तुलनेने निवांत जातात.

नेमका आंबा तेव्हा नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत वाशीला मोसमाच्या पहिल्या पेट्या पोचल्या की बातमी होते, पण तो माल मोजका. खरा माल एप्रिल-मेचा. आणि मार्चपासून काय काय येतं बघा: आर्थिक वर्षाची अखेर, म्हणजे करबचतीच्या नि विम्याच्या जाहिराती. मग गुढीपाडवा, सोनं, गाडी, घर. त्याच सुमारास आयपीएल सुरू होतं ते मेअखेरपर्यंत, मोठ्या कंपन्यांनी वर्षाच्या जाहिरातीचा चांगला भाग याच आठवड्यांसाठी राखलेला. मध्ये अक्षय्य तृतीया, पुन्हा सोनं. एसी, कूलर, उन्हाळी सहली, शाळाप्रवेश आहेतच. २०२४ मध्ये त्यात लोकसभेची निवडणूकही आली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं मतदान ७ मे रोजी, म्हणजे भर आंब्यात, आणि राज्यभर पक्षांच्या जाहिराती त्याच लिलावात. शिवाय ज्याच्याशी चुरस नाही असं आपण म्हणालो ते बाकीचे आंबेवालेही आता एकदम येतात, आणि ते नेमके तुमच्याच गिऱ्हाइकावर येतात.

समजा या सगळ्याने मुंबई-पुण्याचा दर शंभरावरून दीडशेवर गेला. सहा हजारांत आता साठऐवजी चाळीस हजार इम्प्रेशन. लोकांचा प्रतिसाद तेवढाच राहिला तर बाराऐवजी आठ पेट्या, पेटीमागे साडेसातशे. जाहिरातीत काही बिघडलेलं नाही, तरी खर्च दीडपट. इथे घाबरून चालू जाहिरात रोज बदलत बसणारे मी बघितलेत. बदलण्याआधी एवढं तपासावं: दर चढला पण हजार इम्प्रेशनमागे येणाऱ्या विचारणा तेवढ्याच आहेत का? तेवढ्याच असतील तर बाजार महागलाय, जाहिरात ठीक आहे. दर तोच, पण विचारणा घसरल्या, तर जाहिरात शिळी झालीय किंवा गर्दी संपलीय, तेव्हा फ्रीक्वेन्सी बघा. दर चढला आणि विचारणाही घसरल्या, तर शेजाऱ्याने तुमच्यापेक्षा कमी भाव लिहिलाय का तेही बघून घ्या. हे कोणत्याच रकान्यात येत नाही.

प्रतिसाद मात्र तेवढाच राहत नाही, हे आंब्याच्या बाजूने आहे. फेब्रुवारीत ठाण्याच्या बाईला पेटीची घाई नसते. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात असते. तेव्हा दर दीडपट झाला तरी मेसेज करणाऱ्यांचं प्रमाणही वाढतं, आणि पेटीमागचा खर्च कधी कधी जिथल्या तिथे राहतो. म्हणून स्वस्त महिन्यात आणि महाग महिन्यात वेगळं काम करून घ्यायचं. जानेवारी-फेब्रुवारीत, जागा स्वस्त असताना, विकायला जाऊ नये. मोहोर दाखवा, कैरी धरलेली दाखवा, गवताची आढी कशी लावतात ते दाखवा, आणि 'पेट्या सुरू झाल्या की कळवू का?' एवढंच विचारा. जे थांबून बघतात, हो म्हणतात, त्यांचा गट आपोआप तयार होतो. एप्रिलमध्ये महाग पैसा फक्त त्यांच्यावर आणि गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांवर टाकायचा. तिसऱ्या प्रकारचा प्रेक्षक असा दोन महिने आधी, कमी दरात कमवावा लागतो.

तारकर्लीच्या किंवा गुहागरच्या घरगुती निवासवाल्यांचं पंचांग थोडं निराळं. त्यांना दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे भरायचा असतो, पण लोक बेत आधी ठरवतात. दिवाळीतल्या खोल्यांची जाहिरात दिवाळीच्या आठवड्यात लावली तर सगळ्यांत महाग जागेवर, आधीच बुकिंग करून बसलेल्या माणसांना खोली दाखवायची असं होतं. त्यांनी निदान महिनाभर आधी उतरावं, महासेलचे दिवस टाळून.

राहिला प्रश्न किती महाग म्हणजे फार महाग. याचं उत्तर जाहिरातीच्या अहवालात मिळत नाही, ते वाशीच्या पट्टीत आहे. थेट विकलेल्या डझनामागे खोकं, कुरिअर आणि फुटलेला माल वजा जाता हातात काय राहतं, आणि तोच डझन वाशीला पाठवला असता तर काय मिळालं असतं, या दोन्हींतला फरक काढा. एका पेटीत चार डझन धरू. मार्चअखेरीस वाशीलाच भाव चांगला, म्हणून फरक समजा डझनाला दीडशे, पेटीला सहाशे. तेव्हा पेटीमागे पाचशे रुपये जाहिरातीला घातले तर शंभर उरतात, वर जीएसटीचे नव्वद गेले की दहा. साडेसातशे घातले तर वाशीलाच पाठवलेलं बरं. मेच्या मध्यावर वाशीचा भाव कोसळलेला असतो, बारका माल कॅनिंगला किलोच्या भावाने जायला लागलेला असतो. थेट गिऱ्हाइकाचा भावही उतरतो, पण तेवढा नाही. फरक समजा डझनाला अडीचशेवर गेला, पेटीला हजार. आता पेटीमागे साडेसातशे आणि त्यावरचा कर देऊनही शंभराच्या वर हातात राहतात, म्हणजे दीडशेचा सीपीएम मार्चच्या शंभरापेक्षा परवडतो. पाऊस तोंडावर आला आणि ओल्या फळात डाग दिसायला लागले, की खोक्यातून परत येणाऱ्या तक्रारी हा सगळा फरक खातात. त्या दिवशी दर कितीही उतरलेला असो, जाहिरात बंद करावी.